सावत्र आई होणाऱ्या मैत्रिणीला भेट देताना या चुका टाळा

साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं ते नऊ वर्षांची मुलगी असलेल्या माणसाशी. मुलीची आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली. मी हौसेनं तीन फोटोंची फ्रेम नेली, वर ‘आमचं घर’ कोरलेली. महिन्यानं गेले तर दोन चौकटींत लग्नाचे फोटो आणि तिसरीत लेकीनं स्वतः सरकवलेला आईचा पासपोर्ट साइजचा फोटो. मैत्रीण हळूच म्हणाली, “काढू कशी गं? आणि रोज बघू तरी कशी?”

हा पेच माझ्या फ्रेमनं उभा केला होता. नवी बाई आवडायला लागली की आपण आईशी बेइमानी करतोय, असं अशा मुलांना आतून वाटत राहतं. ‘बेस्ट मॉम’चा मग किंवा मुलीचं नाव कोरलेलं लॉकेट रोज डोळ्यांसमोर राहतं आणि त्या वाटण्याला रोज टोचतं. मैत्रिणीलाही ते न मिळवलेल्या पदकासारखं जड होतं. म्हणून घेण्याआधी एवढंच बघा: वस्तूवर नातं लिहिलंय का, आणि ती मुलीच्या नजरेसमोर राहणार आहे का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ती दुकानातच राहू द्या.

कार्डावर ‘आता तूच तिची आई’ लिहू नका. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही नैसर्गिक पालक म्हणून ‘आई’ म्हटलंय त्यात सावत्र आई येत नाही. मुलगी काय हाक मारेल ते मुलीला ठरवू द्या. माझ्या मैत्रिणीला ती अजून ‘ताई’च म्हणते. मी आता लिहिलं असतं, “नव्या घरासाठी शुभेच्छा. रविवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, चार भिंतीच्या टेकडीवर चक्कर मारू.” पहिल्या वर्षात तिला सगळ्यात कमी पडतो तो स्वतःचा वेळ. ओटी भरा, साडी द्या, कंदी पेढे न्या. ते तिचं म्हणून द्या. बालसंगोपनाचं पुस्तक मात्र नको, त्यातून ‘तुला जमणार नाही’ एवढंच ऐकू येतं.

मुलीसाठी काही न्यायचंच असेल तर आधी वडिलांना विचारा, आणि आईच्या वर्षश्राद्धाच्या आसपास नेऊ नका. आई हयात असून मुलगी दोन घरांत ये-जा करत असेल, तर तिकडे न्यावी लागेल अशी वस्तू टाळा. कॅरम बोर्ड चांगला: नजर सोंगट्यांवर असते, बोलावंच लागत नाही. पण ‘तुम्हा दोघींसाठी’ म्हणून देऊ नका, नुसता घरात ठेवा.

भेट देऊन झाली असेल तर? मी फोन करून सरळ म्हटलं, “चूक माझी, फ्रेम परत दे, मला वाईट वाटणार नाही.” आईच्या फोटोला वडिलांनी वेगळी फ्रेम आणली आणि मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली. काच पुसायला मैत्रिणीचा हात जातो, पण मुलगी शाळेत असतानाच.