आठ मिनिटं अभ्यास, चार मिनिटं हालचाल: चुळबुळ्या मुलाचा अभ्यास कसा बसवावा

'तासभर हलायचं नाही' असं बजावून बसवलेलं मूल पहिल्या दहा मिनिटांनंतर अभ्यास करत नाही, न हलण्याचा प्रयत्न करत राहतं. म्हणून तास बाजूला ठेवून लहान तुकड्यांपासून सुरुवात करायची. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही 'पोमोडोरो' पद्धत प्रसिद्ध आहे, पण ती फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी विद्यापीठात शिकताना स्वतःसाठी बसवली होती. अकरा वर्षांच्या अस्वस्थ मुलाला पंचवीस मिनिटं बहुधा जास्तच होतात.

आधी नुसतं बघा

तीन दिवस काही न बोलता घड्याळ बघा. मूल अभ्यासाला बसल्यापासून पहिल्यांदा उठेपर्यंत किती वेळ गेला, तो लिहून ठेवा. सहावीतला एक मुलगा घेऊ. गणिताला तो एका दिवशी अकरा, दुसऱ्या दिवशी आठ आणि तिसऱ्या दिवशी बारा मिनिटं बसला. यांची सरासरी काढू नका, सगळ्यांत लहान आकडा घ्या. त्याचा तुकडा आठ मिनिटांचा. उठावंसं वाटायच्या आत घंटा वाजली, तर तुकडा पूर्ण झाल्याचं त्यालाही जाणवतं.

चित्रकलेला तासभर बसणारा मुलगा गणिताला मात्र चौथ्या मिनिटाला उठत असेल, तर अडचण बसण्याची नाही, गणिताची आहे. तिथे आधी मागच्या इयत्तेचं काय कच्चं राहिलंय ते तपासा.

तुकड्यात काम किती, तेही ठरवा

'आठ मिनिटं गणित कर' म्हटलं की मूल घड्याळाकडे बघत बसतं. त्याऐवजी 'अपूर्णांकांच्या बेरजेची ही तीन उदाहरणं' असं सांगा. वेळ लावायला स्वयंपाकघरातला टायमर बरा. मोबाइल लावलात, तर घंटा बंद करायला हातात घेतलेला फोन पुन्हा खाली ठेवला जात नाही (मोठ्यांकडूनही).

घंटा झाल्यावर उठण्याआधी पुढच्या उदाहरणाची पहिली ओळ वहीत उतरवून ठेवायची. छेद वेगळे असतील तर समच्छेद करण्याची पायरीसुद्धा मांडून ठेवायची. परत आल्यावर कोऱ्या पानाला तोंड द्यावं लागलं, की टाळाटाळ सुरू होते. अर्धवट गणित समोर असलं, तर हात आपोआप पेनाकडे जातो.

हालचाल अशी निवडा जिला शेवट आहे

पॅसेजमधलं क्रिकेट चार मिनिटांत संपत नाही, तेव्हा ते नको. दोन मजले चढून उतरणं, सहा सूर्यनमस्कार किंवा दोन्ही तळहातांनी भिंत ढकलत वीस अंक मोजणं, असं मोजून संपणारं काही द्या. भरलेली पाण्याची बाटली किंवा धान्याचा डबा इकडून तिकडे नेणंही चालेल. असं जोर लावायचं काम केल्यावर बरीच मुलं नुसतं पळण्यापेक्षा जास्त शांत होतात. दोरीच्या उड्या गच्चीवरच. खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार हवा.

चार मिनिटांतलं शेवटचं मिनिट हळू ठेवायचं. पाणी प्यायचं, सावकाश चार-पाच श्वास घ्यायचे आणि मग बसायचं. मूल परतल्यावर आणखीच उधळलेलं दिसलं, तर हे मिनिट गाळलं गेलं असेल किंवा हालचाल फार जोरकस झाली असेल. दोन्ही ठीक असूनही परतायलाच वेळ लागत असेल, तर मध्ये टीव्ही किंवा फोन आला का ते बघा.

असे तीन तुकडे झाले की दहा-पंधरा मिनिटांची मोठी सुट्टी. एका संध्याकाळी पाच तुकडे पुष्कळ झाले. सगळेच काही खुर्चीत हवेत असं नाही. कविता आणि पाढे फिरत पाठ करता येतात, धडा पालथं पडून वाचता येतो. लिहिताना मात्र बसायचं आणि पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्यायचा. आधार नसलेले पाय हलतच राहतात.

वाढवायचं कधी?

आठवडाभर पाचपैकी चार तुकडे न उठता पूर्ण होत असतील, तर दोन मिनिटं वाढवा. बिघडलं तर पुन्हा मागे या. घाई कामाची नसली, तरी वाढवावं लागतंच. दहावीला गणित भाग १ चा पेपर दोन तासांचा असतो आणि तिथे जिना चढायला मिळत नाही. त्यामुळे आठवी-नववीपासून काही हालचाली जागेवर बसूनच करायची सवय लावा: तळपाय जमिनीवर दाबणं, मुठी आवळून सोडणं, प्रत्येक प्रश्न संपल्यावर खांदे फिरवणं.

घरी आणि शाळेत दोन्हीकडे हेच चित्र सहा महिन्यांहून जास्त काळ दिसत असेल आणि त्यामुळे अभ्यास किंवा मैत्री अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना तुमची ती मिनिटांची नोंद बरोबर न्या. 'फार चंचल आहे' या वाक्यापेक्षा डॉक्टरांना त्या आकड्यांतून जास्त कळतं.