अपलोड चालू असताना नेट का अडकतं, आणि मी काय केलं

मोठा व्हिडिओ अपलोडला लावला की कॉल तुटायचा, साधं पेजही उघडेना, पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, 15 वरून थेट 400 मिलिसेकंद. स्पीड कमी नव्हताच हो, मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे बाहेर जायच्या डेटाच्या रांगेत, साधारण 1 एमबी डेटा तुंबलेला, 20 एमबीपीएसच्या लाइनला तो बाहेर काढायला 0.4 सेकंद लागतात आणि कॉलचं इवलंसं पॅकेटही त्याच रांगेत मागे. मग ओपनडब्ल्यूआरटी सिस्टिमवर चालणाऱ्या माझ्या राउटरवर रांग सांभाळणारं `luci-app-sqm` टाकलं, त्यात `cake` ही रांग लावायची पद्धत निवडली, अपलोड लाइनपेक्षा थोडा खाली, 18 एमबीपीएसवर बांधला, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि केक प्रत्येक कनेक्शनला आळीपाळीने सोडतो. आता अपलोड चालू असतानाही पिंग 25च्या आत. फक्त लाइन फास्ट असेल तर राउटरचा सीपीयू दमतो, तेवढं बघा.