चाळिशीच्या भाषणात चिमटा कुठे काढावा
मित्राच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं भाषण तीन मिनिटांत, म्हणजे साधारण ३०० शब्दांत बसवा. थट्टेसाठी त्याची एकच सवय निवडा, तीही तो स्वतः हसत कबूल करतो अशी. उदाहरणार्थ, उशिरा येणं: “हा ‘पाच मिनिटांत पोचतो’ म्हणाला, की आम्ही निवांत आंघोळीला जातो. पण माझ्या अडचणीच्या रात्री हा सगळ्यांच्या आधी दारात होता.” दुसरं वाक्य पहिल्याला लागूनच हवं, मध्ये थांबलात तर चिमटा टोमणा वाटतो. वजन, टक्कल, पगार, जुनी प्रेमप्रकरणं पूर्ण वगळा. तिथे त्याची बायको, आई, साहेबही बसलेले असतात. शंका असेल तर तो विनोद आदल्या दिवशी त्याच्या जोडीदाराला ऐकवा. हसण्याआधी क्षणभर थबकल्यास काढून टाका.