सेव्हिंग्ज प्लॅन घेताना ताशी आकडा कसा ठरवावा

क्लाउडचं बिल उतरवायला निघालात की एक सल्ला हमखास मिळतो: महिन्याच्या बिलाला ७३० तासांनी भागा आणि तेवढ्या रकमेची कमिटमेंट घ्या. मीही एकदा तेच केलं आणि वर्षभर त्याचे पैसे भरले. त्यामुळे या लेखात बाकीच्या पायऱ्या थोडक्यात उरकतो आणि आकडा ठरवण्याच्या पायरीवरच थांबतो. उदाहरण एडब्ल्यूएसचं घेतो, पण हिशोब सगळीकडे तोच आहे.

आधी काय घ्यायचं ते. रिझर्व्ह्ड इन्स्टन्समध्ये तुम्ही ठरावीक प्रकारच्या मशीनचा शब्द देता, सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये एक किंवा तीन वर्षं ताशी ठरावीक डॉलर खर्च करण्याचा. हा शब्द म्हणजेच कमिटमेंट, आणि तिच्या बदल्यात सवलत मिळते. कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन कुठल्याही रीजनला, कुठल्याही इन्स्टन्स फॅमिलीला, शिवाय फारगेट आणि लॅम्डालाही लागू होतो आणि त्याची सवलत ६६ टक्क्यांपर्यंत जाते. ईसीटू इन्स्टन्स सेव्हिंग्ज प्लॅन ७२ टक्क्यांपर्यंत देतो, पण एका रीजनमधल्या एका फॅमिलीला बांधून ठेवतो. पुढच्या वर्षी कुठल्या मशीनवर असाल याची खात्री नसेल तर कॉम्प्युटच घ्या. एका विशिष्ट झोनमध्ये मशीन मिळण्याची हमी हवी असेल तर मात्र झोनल रिझर्व्ह्ड इन्स्टन्सचा विचार करा, कारण सेव्हिंग्ज प्लॅन जागा राखून ठेवत नाही.

गूगल क्लाउडमध्येही हेच दोन मार्ग आहेत. रिसोर्सवर आधारित कमिटेड यूज डिस्काउंटमध्ये एका रीजनमधल्या एका मशीन सिरीजचे व्हीसीपीयू आणि मेमरी यांचा शब्द द्यायचा असतो, तर खर्चावर आधारित फ्लेक्सिबल प्रकारात डॉलरचा. पहिल्या प्रकारात मशीन सिरीज बदललीत की जुनी कमिटमेंट रिकामी बसून पैसे खाते.

आता पसारा आवरा. बंद ठेवता येतील त्या मशीन बंद करा, मोठ्या आहेत त्या लहान करा. कमिटमेंट याच्या नंतर घ्यायची, आधी कधीच नाही. का, ते आकड्यांतूनच दिसेल.

अवघड पायरी आता येते. एक उदाहरण घेऊ. सोमवार ते शुक्रवार दिवसाचे बारा तास तुमचा खर्च ऑन-डिमांड, म्हणजे कमिटमेंटशिवायच्या, दराने ताशी १० डॉलर असतो. रात्री आणि शनिवार-रविवारी तो ६ डॉलर असतो. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी ६० तास १० डॉलर, उरलेले १०८ तास ६ डॉलर. आठवड्याचं बिल १२४८ डॉलर आणि ताशी सरासरी ७.४३ डॉलर. हिशोब सोपा राहावा म्हणून प्लॅनची सवलत सरसकट ३० टक्के धरू.

सरासरीवाला सल्ला म्हणतो, ताशी ७.४३ ची कमिटमेंट घ्या. घेतलीत की आठवड्याला ७.४३ गुणिले १६८, म्हणजे पुन्हा जवळपास १२४८ डॉलरच भरता. बचत शून्य, आणि वर्षभरासाठी हात बांधलेले. कारण असं, की कमिटमेंटची रक्कम सवलतीच्या दराने मोजली जाते. ७.४३ डॉलरच्या कमिटमेंटमध्ये ऑन-डिमांड दराचा सुमारे १०.६० डॉलरचा वापर बसतो आणि तेवढा वापर तुमच्याकडे भर दुपारीसुद्धा नाही. माझी चूक नेमकी हीच होती. स्क्रीनवर कव्हरेज, म्हणजे प्लॅनने झाकलेला वापर, शंभर टक्के दिसत होतं आणि मी ते यश समजत होतो.

दुसरी गोष्ट, हिशोब तासाचा असतो, महिन्याचा नाही. रात्री न वापरलेले पैसे सकाळच्या खात्यात जमा होत नाहीत. तो तास संपला की ते गेले.

म्हणून सरासरी सोडा आणि तळ शोधा. आपल्या उदाहरणात तळ ६ डॉलरचा आहे. त्याला ०.७ ने गुणलं की ४.२० येतात. तीच कमिटमेंट. आता आठवड्याला प्लॅनचे ७०५.६० डॉलर आणि दिवसाच्या वरच्या ४ डॉलरचे, ऑन-डिमांड दराने, २४० डॉलर. एकूण ९४५.६०, म्हणजे ३०० डॉलरपेक्षा जास्त बचत. हाव धरून दिवसाचाही वापर झाकायला ७ डॉलरची कमिटमेंट घेतलीत, तर बिल ११७६ वर जातं. जास्त कमिटमेंट, कमी बचत.

तळाच्या वर किती जायचं, याचा एकच नियम मी मानतो. वापराचा कुठलाही थर तेव्हाच झाका, जेव्हा तो एकूण तासांपैकी शंभर उणे सवलत इतके टक्के चालू असेल. सवलत ३० टक्के असेल तर तो थर ७० टक्के तास चालू हवा. आपला दिवसाचा थर १६८ पैकी ६० तास, म्हणजे ३६ टक्केच चालतो, म्हणून तो बाहेर राहिला. हाच नियम मुदतीलाही लावा. एक वर्षाच्या प्लॅनमध्ये तो थर किमान साडेआठ महिने जिवंत राहायला हवा. सहा महिन्यांनी एखादी सिस्टीम बंद होणार असेल, तर तिचा वापर तळातून आजच वजा करा. एडब्ल्यूएसची शिफारस मागच्या ७, ३० किंवा ६० दिवसांचा वापर बघून येते. तुमची योजना तिला ठाऊक नसते. तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका.

मशीन आधी लहान करायच्या ते यासाठी. समजा ४.२० चा प्लॅन घेतल्यावर तुम्ही मशीन लहान केल्या आणि खर्च रात्री ४, दिवसा ७ डॉलरवर आला. बिल आठवड्याला ७६५.६० होईल. हेच काम आधी करून २.८० चा प्लॅन घेतला असता, तर ६५०.४० झालं असतं. म्हणजे तुमच्याच मेहनतीतले आठवड्याला ११५ डॉलर जुन्या कमिटमेंटने गिळले.

तासागणिक आकडे कॉस्ट एक्सप्लोररमध्ये मिळतात, पण फक्त मागच्या १४ दिवसांचे, आणि तेही ती सोय आधी चालू केली असेल तरच. प्रत्यक्ष वापरात मशीनगणिक सवलत वेगळी असते आणि प्लॅन जिथे सवलतीची टक्केवारी सर्वांत जास्त आहे तिथे आधी लागतो, म्हणून ०.७ च्या जागी तुमच्या स्वतःच्या मशीनचे दर घ्या. आधीच रिझर्व्ह्ड इन्स्टन्स असतील तर त्यांनी झाकलेला वापर वगळा. सवलत आधी त्यांचीच लागते.

आलेल्या आकड्याचेही चार तुकडे करा आणि दर तीन महिन्यांनी एक घ्या. मग मुदतीही एकेक करून संपतात आणि अंदाज चुकला तरी पुढचा तुकडा थांबवता येतो. तीन वर्षांचा प्लॅन फक्त अशा वापरासाठी, जो काहीही झालं तरी राहणारच आहे.

खरेदी महिन्याच्या सुरुवातीला करा. ताशी १०० डॉलर किंवा त्याहून कमी कमिटमेंटचा प्लॅन सात दिवसांच्या आत परत करता येतो, पण त्याच कॅलेंडर महिन्यात. तीस तारखेला घेतलात तर हातात एखादाच दिवस उरतो. ही मुदत टळली की सुटका नाही. स्टँडर्ड रिझर्व्ह्ड इन्स्टन्स निदान मार्केटप्लेसवर विकायला काढता येतो. सेव्हिंग्ज प्लॅन विकता येत नाही. गूगलची कमिटमेंट आणि अ‍ॅझ्युअरचा सेव्हिंग्ज प्लॅनही रद्द होत नाहीत.

म्हणून त्या सात दिवसांत रोज युटिलायझेशन, म्हणजे कमिटमेंटपैकी किती टक्के खरोखर वापरली गेली, ते बघा:

```
aws ce get-savings-plans-utilization \
  --time-period Start=2025-06-02,End=2025-06-09 \
  --granularity DAILY
```

शनिवार-रविवार त्या सात दिवसांत येतोच, तेव्हाचा आकडा नीट तपासा. तिथे युटिलायझेशन ९५ टक्क्यांखाली गेलं, तर प्लॅन परत करा आणि लहान आकड्याने पुन्हा घ्या.