दोन रंगांच्या नक्षीत मागचा धागा आवळू नये म्हणून

परभणीच्या थंडीसाठी लेकराचं स्वेटर विणताना दोन रंगांची नक्षी घातली की वीण आकसते, बाही हातात जात नाही. मागून नेलेला धागा आखूड पडलेला असतो.

रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे नुकतेच विणलेले टाके बोटांनी पसरून घ्या, मगच दुसरा रंग मागून आणून विणा. ओढू नका. पाच टाक्यांपर्यंत मागचा धागा मोकळा चालतो. सात टाक्यांचं अंतर असेल तर चौथ्या टाक्याआधी मागचा धागा विणायच्या धाग्यावर आडवा घ्या, टाका विणा, आणि पाचव्याआधी परत खाली सोडा. नाहीतर लेकराची बोटं त्यातच अडकतात.

पुढच्या ओळीत ही अडकवण एक-दोन टाके सरकवा. एकावर एक आली तर पांढऱ्या विणीतून मागच्या मरून रंगाचे ठिपके डोकावतात.