पहिल्या मेसेजमध्ये इमोजी कुठे टाकावा?

डेटिंग अ‍ॅपवर इमोजी टाकावा की नाही, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. तो कुठे टाकायचा, यावर जास्त अवलंबून असतं. समोरच्याने तुमचा आवाज ऐकलेला नसतो, चेहरा हसताना पाहिलेला नसतो, आणि ती उणीव इमोजीने भरून काढायची असते. शब्दाची जागा त्याला दिली की गडबड होते.

आधी प्रोफाइल साफ करा. ✈️📚🐶🏔️☕ अशी रांग हजार प्रोफाइलवर सापडेल. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या माणसाला लिहायचा कंटाळा आहे. रांगेतली दोनच चित्रं घ्या आणि त्यांचं वाक्य करा: ‘कुत्र्याला घेऊन डोंगर चढायला निघतो, अर्ध्या वाटेनंतर तोच मला ओढत नेतो 😅’. कुत्रा आणि डोंगर शब्दांत आले. इमोजीने फक्त स्वतःवर हसता येतं एवढं सांगितलं, आणि तेच तर शब्दांत सांगणं अवघड होतं.

मग पहिला मेसेज इमोजीशिवाय लिहा. समजा, समोरच्या प्रोफाइलवर आहे, ‘पुस्तक अर्धवट सोडणं मला जमत नाही.’ तुम्ही लिहिलंत:

‘म्हणजे रटाळ पुस्तकही शेवटपर्यंत? हट्टी आहेस.’

आता हा मेसेज मोठ्याने दोनदा वाचा, एकदा हसत आणि एकदा कपाळाला आठ्या घालून. जे वाक्य दोन्ही तऱ्हेने वाचता येतं, तिथेच इमोजीची गरज आहे. इथे ते ‘हट्टी आहेस’ हे आहे. पहिल्या वाक्यात प्रश्नचिन्ह पुरेसं आहे, तिथे काही लावू नका.

आता चेहरा निवडा. ‘हट्टी आहेस 😄’ ही सरळ चेष्टा झाली. मोकळा माणूस दिसतो. ‘हट्टी आहेस 😉’ म्हटलं की लगेच फ्लर्टिंग सुरू, आणि सोबत ‘तू’ असल्यामुळे जवळीक दुप्पट होते. काहींना ते आवडेल, काहींना आगाऊपणा वाटेल. ‘हट्टी आहेस 😂’ मध्ये आपल्याच विनोदावर आधी आपणच हसल्यासारखं होतं. प्रत्येक वाक्याला ते लावलं तर घाबरटपणा झाकतोय असा संशय येतो. आणि ‘हट्टी आहेस 🙂’? मोठ्या वयाच्या लोकांना हे साधं स्मित वाटतं, तरुणांपैकी अनेकांना मात्र दात-ओठ खाऊन केलेलं. मी इथे 😄 निवडेन.

😍😍😍 बद्दल फार बोलायला नको. वाचणाऱ्याला वाटतं, हाच मेसेज आज आणखी वीस जणांना गेला असणार.

पाठवण्याआधी एक शंका मनात ठेवा. तुम्हाला दिसतो तसाच चेहरा समोरच्याला दिसेल असं नाही, कारण प्रत्येक कंपनी आपापली चित्रं काढते. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याची तपासणी केली. अगदी एकच चित्र दाखवलं तरी ते आनंदी, तटस्थ की नकारात्मक, यावर सुमारे २५ टक्के वेळा लोकांचं एकमत झालं नाही. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये दात विचकणारा 😁 वगैरे टाळा. काहींना तो हसताना दिसतो, काहींना कळवळताना.

उत्तर आल्यावर तपासा. चेष्टा पोहोचली असेल तर उत्तरात चेष्टाच येते: ‘हो, एकदा सहाशे पानं रडत वाचली.’ पोहोचली नसेल तर समोरची व्यक्ती खुलासा करू लागते: ‘नाही, तसं काही नाही, मला फक्त सवय आहे.’ हा खुलासा म्हणजे टोमणा ऐकू गेल्याची खूण. अशा वेळी आणखी तीन हसरे चेहरे पाठवू नका. ‘चेष्टा केली होती, मला स्वतःला दहाव्या पानावर झोप येते’ असं शब्दांत सांगा. पुढच्या मेसेजांत त्यांच्या प्रमाणाशी जुळवून घ्या: ते एकही वापरत नसतील तर तुमचाही एखादाच पुरे.

हे सगळं समोरच्याला मोजायला वापरायचं असेल तर जरा जपून. लैंगिकता आणि नातेसंबंधांवर संशोधन करणाऱ्या किन्से इन्स्टिट्यूटशी संबंधित संशोधकांच्या २०१९ च्या अभ्यासात, संभाव्य जोडीदाराशी बोलताना इमोजी वापरण्याचा पहिल्या भेटीनंतरही संपर्क टिकण्याशी संबंध आढळला. पण इमोजीमुळेच तो टिकला असं त्यातून सिद्ध होत नाही. मुळात भावना मोकळेपणाने दाखवणारी माणसंच इमोजीही जास्त वापरत असतील. कोरडा मेसेज पाठवणारा माणूस कोरडाच असतो असंही नाही. कधी कधी तो फक्त बसमध्ये उभा राहून एका हाताने टाइप करत असतो.