पगारपत्रकात चुकीची कपात दिसली? दुरुस्तीचा अर्ज टाकताना या चुका टाळा

आपल्याकडं जिनिंगचा सीझन सुरू झाला का ऑफिसात नवीन भरती होते, आणि फेब्रुवारीचा पगार आला का हमखास कोणीतरी विचारते, "भाऊ, या महिन्यात पैसे कमी काहून आले?" मग पीडीएफ स्लिप मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये टाकून आकडे शीटमध्ये काढले जातात, एखादा आकडा खटकतो, आणि तडक पेरोलला मेसेज जातो की माझे पैसे कापले, दुरुस्त करून द्या. चूक खरी असली तरी असा अर्ज महिना महिना पडून राहते, कारण पेरोलवाल्याला नेमकं काय दुरुस्त करायचं तेच त्यातून समजत नाही.

हिंगणघाटकडल्या एका जिनिंगमध्ये ऑफिसला असलेल्या ताईंची केस सांगतो. ऑक्टोबरपासून नोकरी, बेसिक आणि डीए मिळून 13,500, घरभाडं 2,500, इतर भत्ता 2,000, म्हणजे एकूण 18,000. जानेवारीत खात्यात 16,045 आले आणि फेब्रुवारीत 15,945. त्यांनी सगळ्या स्लिपांचे आकडे अ‍ॅपनं शीटमध्ये ओढले तर दोन गोष्टी दिसल्या, पीएफचे 1,620 दोनदा आणि पीटीचे, म्हणजे व्यवसाय कराचे, दर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. त्यांना वाटलं पीएफच डबल कापून राहिले, आणि अर्जही त्याचाच लिहायला घेतला.

इथंच पहिली चूक होते, शीटमधल्या आकड्यावर विश्वास ठेवून मूळ स्लिप न पाहणं. स्लिपमध्ये कपातीच्या बाजूलाच कंपनीचा पीएफ हिस्सा नुसता माहितीसाठी छापलेला असते, तो तुमच्या पगारातून जात नाही, पण अ‍ॅप आकडे ओढताना रकाने सरकवते आणि तो कपातीत येऊन बसते. हे ओळखायचं कसं, तर बेरीज करून. जानेवारीचं पाहा, पीएफ 1,620, ईएसआयसी 18,000 वर पाऊण टक्का म्हणजे 135, पीटी 200, एकूण 1,955, आणि 18,000 मधून हे वजा केले तर 16,045 येतात, बँकेत जमा झाले तेवढेच. पीएफ खरंच दोनदा कापला असता तर खात्यात 14,425 च आले असते. म्हणजे पीएफ बरोबर आहे. आपण पीएफची तक्रार घेऊन गेलो असतो तर पेरोलनं दोन मिनिटांत ती चूक दाखवली असती आणि मग पीटीच्या खऱ्या मुद्द्याकडंही कोणी नीट पाहिलं नसतं. म्हणून एकूण वजा कपात बरोबर बँकेत जमा, हा हिशेब जुळल्याशिवाय अर्ज लिहूच नका, आणि अर्जाला शीट नाही, मूळ स्लिप जोडा.

आता खरी चूक. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून महिला कर्मचाऱ्याचा महिन्याचा पगार 25,000 पर्यंत असेल तर व्यवसाय कर लागतच नाही. पुरुषांना 7,500 पर्यंत नाही, त्यावर 10,000 पर्यंत 175, आणि 10,000 च्या वर 200, फेब्रुवारीत 300. ताईंचा पगार 18,000, म्हणजे कपात शून्य पाहिजे होती. त्यांच्या बाजूच्या टेबलवरच्या भाऊंचेही 200 कापले जातात म्हणून ताईंनी इतके दिवस काही म्हटलं नव्हतं, पण भाऊंचे कापणं बरोबर आहे आणि ताईंचे चूक, म्हणून दुसऱ्याच्या स्लिपशी तुलना करून काही ठरवू नका. तसंच पुरुष भाऊंनी फेब्रुवारीच्या 300 साठी अर्ज टाकू नये, 11 महिने 200 आणि एक महिना 300 असे वर्षाचे 2,500 होतात, तेवढंच घ्यायचं असते. आणि ताईंनीही एक लक्षात ठेवावं, सीझनमध्ये ओव्हरटाइम धरून एखाद्या महिन्यात पगार 25,000 च्या वर गेला तर त्या महिन्याचे 200, फेब्रुवारी असला तर 300, कापणं बरोबरच राहील.

चूक झाली कशी? बहुतेक वेळा भरतीच्या वेळी पेरोल सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकताना जेंडरचा रकाना रिकामा राहते किंवा पुरुष पडते, मग सॉफ्टवेअर पुरुषांचाच स्लॅब लावते. म्हणून नुसतं "200 परत द्या" लिहिलं तर ते एका महिन्याचे 200 देतील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कापले जातील. अर्जात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा, सॉफ्टवेअरमधल्या नोंदीची दुरुस्ती, मागचे पैसे, आणि सुधारित स्लिप. ऑक्टोबर ते जानेवारी 200 प्रमाणे 800 आणि फेब्रुवारीचे 300, एकूण 1,100, हे महिन्यांसकट लिहा. साधारण असं:

"मा. पेरोल विभाग, माझा कर्मचारी क्रमांक अमुक. माझा मासिक एकूण पगार 18,000 आहे. महिला कर्मचाऱ्यांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर लागत नाही, तरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी माझी 1,100 रुपये कपात झाली आहे. कृपया माझ्या नोंदीतील जेंडर तपासावे, ही रक्कम परत द्यावी आणि पाचही महिन्यांच्या सुधारित स्लिप द्याव्यात. मूळ स्लिपा आणि आधार कार्डाची प्रत जोडली आहे."

अर्ज कोणाला द्यायचा यातही लोक चुकतात. आपल्याकडं अर्धी माणसं ठेकेदाराच्या रोलवर असतात, गेटवर कंपनीचं नाव आणि स्लिपवर ठेकेदाराचं. स्लिपच्या वर ज्याचं नाव छापलं त्याच्याच पेरोलला अर्ज जातो, जिनिंगच्या मॅनेजर साहेबांना तोंडी सांगून होत नाही. तोंडी सांगितलंच तर त्याच दिवशी मेल टाका किंवा कागदावर पोच घ्या. बहुतेक ठिकाणी 20 ते 25 तारखेच्या आसपास पगाराचा डेटा बंद होते, त्याआधी दिलं तर त्याच महिन्यात काम होते. मार्चमध्ये तर लवकरच द्या बाप्पा, कारण 31 मार्चनंतर सॉफ्टवेअरचं वर्ष बंद झालं का मागच्या महिन्यात हात लावायला कोणी तयार होत नाही.

"कर सरकारकडं भरला, आता मिळत नाही" असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. सरकारकडचं समायोजन कसं करायचं ते कंपनीनं आपल्या कन्सल्टंटला विचारावं, तुमच्याकडून चुकून कापलेले पैसे त्यासाठी अडकवून ठेवायचं कारण नाही. मला हे महत्त्वाचं वाटते कारण 18,000 च्या पगारात 1,100 म्हणजे घरच्या महिन्याच्या किराण्यातला मोठा भाग आहे.

सुधारित स्लिप आली का तीही तपासा. जानेवारीची नवी स्लिप 16,245 दाखवेल, पण बँकेत त्या महिन्यात 16,045 च जमा आहेत, उद्या कर्जासाठी स्लिप आणि पासबुक सोबत दिलं तर बँकवाले फरकाचं विचारतील. म्हणून स्लिपवर 'सुधारित' आणि तारीख लिहून घ्या, आणि 1,100 चं पेमेंट वेगळं दिसू द्या. काही कंपन्या जुन्या स्लिपला हात न लावता पुढच्या महिन्यात कमाईच्या बाजूला 'पीटी परतावा' म्हणून ओळ टाकतात, तेही चालते, फक्त त्या 1,100 वर पीएफ आणि ईएसआयसी लावलं नाही ना ते पाहा. ताईंच्या पुढच्या स्लिपमध्ये पीएफ 1,620 आणि ईएसआयसी 135 च राहायला पाहिजे, पीटी शून्य, आणि परतावा धरून खात्यात 17,345.